घरच्यांना माहीत आहे का?

४ मार्च

खारू,

कशी आहेस? पत्र लिहितेय म्हणून कपाळावर आठ्या घालू नकोस. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरते, त्यातून मागच्या वेळी काय घोटाळा झाला ते तुला माहीत आहे.

बातमी अशी की तुझी आत्या पोहायला शिकतेय. हसून घे. अठ्ठावन्नाव्या वर्षी, गुडघ्यांसाठी, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आयुष्यभर दवाखान्यात नर्स म्हणून दुसऱ्यांना 'घाबरू नका, सोडा अंग' सांगत आले, आणि आता स्वतःला अंग सोडता येत नाही. शिकवणारे मास्तर म्हातारे नाहीत, पण म्हणायला हरकत नाही असे आहेत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. ओरडत नाहीत. पाण्याच्या कडेला उकिडवे बसतात आणि म्हणतात, "पाणी कुठे जात नाही बाई, तुम्हीही जाऊ नका."

आम्ही वर्गानंतर दोनदा चहा प्यायलो. दोनदाच. आणि तिसऱ्या भेटीत ते म्हणाले, "रविवारी जेवायला या, मुलगी बोलावतेय." मी गेले. मुलगी, जावई, सात वर्षांची नात, सगळे दारात. मुलीने माझ्या हातातली पिशवी घेतली, पाठीमागे उशी दिली, आणि जेवता जेवता विचारलं, "तुम्ही नर्स होतात ना? इंजेक्शन अजून देता येतं का?" मी म्हटलं, येतं की. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

घरी येताना मी बसमध्ये एकटीच हसत होते. इतक्या लवकर घरी नेलं म्हणजे माणसाच्या मनात काही तरी असणारच ना?

आता तुझं सांग. तुझ्या लिफ्टवाल्याला दोन वर्षं होत आली. त्याच्या घरच्या चहाचा कप अजून तुझ्या हाती आलेला नाही. तुझा बाबा मला विचारतो, मी त्याला काय सांगू?

तुझी,
आत्या

*

१५ मार्च

प्रिय आत्या,

तू पाण्यात उतरलीस हे वाचून मी लॅबमध्ये मोठ्याने हसले. हातात एका आजोबांची कवळी होती, ती पडता पडता वाचली. मला फार फार आनंद झाला. आणि लगेच काळजीही वाटली. रागावू नकोस.

इंजेक्शनचं मला खटकलं. आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी मेणाचे साचे करणारी एक जण आहे. तिला एकाने तिसऱ्याच आठवड्यात घरी नेलं. आईने मिठी मारली, मावश्या येऊन बघून गेल्या, सगळ्यांच्या तोंडी हिचंच नाव. तिला आकाश ठेंगणं झालं. पुढे चार महिन्यांत तिला कळलं की हा माणूस आपला नाही. सोडायचं म्हटलं तर तो एकटा समोर नव्हता. आई रडायला, मावशी समजवायला, बहीण रुसायला. "आता घरी सगळ्यांना कळलंय, आता मागे कसं फिरणार?" एकाला नाही म्हणायचं होतं, तिला आठ जणांना नाही म्हणावं लागलं. लवकर घरी नेण्यात प्रेम असेलही, पण घाईही असू शकते. आणि तुझ्या बाबतीत तर घरात नर्स हवी असणंही असू शकतं. त्यांनी तुला बघितलं की रिकाम्या जागेला माणूस बघितलं?

माझं म्हणशील तर आमचं छान चाललंय. लॅबच्या लिफ्टमध्ये मी अडकले होते आणि दुरुस्तीला आलेल्या त्याने वरून दार उघडून हात दिला, हे तुला शंभरदा सांगितलंय, पण अजून मला तो तस्साच वाटतो. घरी न्यायचं म्हणजे वेळ बघावी लागते. आधी बहिणीची परीक्षा होती, मग वडिलांचं ऑपरेशन झालं. आता बहिणीचं लग्न जमवताहेत, त्या गडबडीत नको म्हणतो. घर नदीपलीकडेच आहे, पण त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

एक बातमी आहे. मालक दुसऱ्या शहरात नवी लॅब काढताहेत, आणि पोर्सेलीनच्या दातांचा विभाग मला सांभाळायला सांगितलाय. दातांच्या छटा जुळवायला माझ्यासारखं कुणी नाही म्हणे. मेअखेर उत्तर द्यायचंय. मी नाहीच म्हणणार आहे, त्याला सोडून कशी जाऊ? पण विचारलं याचं बरं वाटलं.

सांभाळून राहा. पाण्यातही आणि बाहेरही.

तुझी खारू

*

२ एप्रिल

खारू,

तुझं पत्र वाचून मला आधी राग आला, मग भीती वाटली, मग मी पुढच्या रविवारी डोळे उघडे ठेवून गेले. म्हणून आधी तुझे आभार, कारण नाही तर मी मिटूनच गेले असते.

तर ऐक. या वेळी जेवायला माझ्या शेजारी कोण होतं सांगू? नळ दुरुस्त करायला आलेला माणूस. पलीकडच्या बाजूला वरच्या मजल्यावरची बाई, तिचं नवऱ्याशी भांडण झालं होतं. तिलाही पाठीमागे उशी. मुलगी त्या नळवाल्यालाही विचारत होती, "तुमची आई बरी आहे का आता?" मी बघतच राहिले. त्या घरात दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जात नाही. मला लवकर नेलं यातून मास्तरांच्या मनात काय आहे ते काहीच कळत नाही. त्या घराची सवय तेवढी कळते. बसमध्ये हसले होते ते हसू परत घेतलं.

आणि इंजेक्शन त्यांच्या मांजराला द्यायचं होतं. मधुमेह झालाय त्याला. जावई सुई बघून घेरी येऊन पडतो, म्हणून सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं होतं. मी मांजराला शिकवून आले, म्हणजे मुलीला.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. जेवणानंतर मास्तर मला जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "एक सांगायचंय. मला एक मुलगाही आहे. तो परगावी असतो. आईचं शेवटचं आजारपण त्याने काढलं. तुमच्याबद्दल मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मला इतक्यात भेटायला सांगू नका. मी बरं म्हटलंय. जूनमध्ये तो सुट्टीला येईल, तेव्हा पुन्हा विचारीन. तोपर्यंत तुम्हाला तो भेटणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि वाटलंच तर मला सांगा."

खारू, मला मुलीच्या घरच्या जेवणापेक्षा या न भेटवण्यात जास्त मान वाटला. कारण काय ते मला ठाऊक आहे, कधीपर्यंत ते ठाऊक आहे, आणि ज्याच्यापासून दूर ठेवलं त्यालाही मी ठाऊक आहे.

मग तुझी आठवण आली. त्याने तुला अजून नेलं नाही, हे मी धरून बसणार नाही. माणसांची शंभर कारणं असतात. कुणाचा बाप तापट असतो, कुणाच्या घरात खरंच आजार असतो, कुणी आधी एकदा घाई करून पोळलेलं असतं. पण तू त्याला 'कधी नेणार' असं विचारू नकोस. 'तुझ्या घरच्यांना मी आहे हे माहीत आहे का' असं विचार. आणि त्याचे मित्र तुला भेटलेत का, ते आठवून बघ. कारण एकच असेल तर ते संपतं. एक संपलं की दुसरं उभं राहत असेल, तर ते कारण नसतं.

माझं चुकत असेल तर मला आनंदच होईल.

आत्या

*

१९ एप्रिल

आत्या,

तू त्याला ओळखत नाहीस. त्याने मला आजारपणात सूप करून भरवलंय. माझ्या खोलीच्या खिडकीची कडी, गळका नळ, सगळं तो बघतो. असा माणूस काही लपवत नसतो. प्रत्येक घर तुझ्या मास्तरांच्या घरासारखं खानावळ नसतं.

त्याचे मित्र भेटलेले नाहीत, कारण त्याला फारसे मित्रच नाहीत. मी विचारणार नाही. विश्वास म्हणून काही असतं.

पोहणं कसं चाललंय?

खारू

*

२५ एप्रिल

खारू,

पोहणं चांगलं चाललंय. पाठीवर तरंगता येतं, छताचे पंखे मोजते.

रागावलीस ते बरं केलंस. माझ्यावर रागावली नसतीस तर कुणावर रागावणार? सूप करून घालणारा माणूस चांगलाच असणार, त्यात मला शंका नाही. माझा प्रश्न तो चांगला आहे का, हा नव्हताच.

नको वाटलं तर विचारू नकोस. पण मालकांना नकार देण्याआधी मला एकदा कळव.

आत्या

*

१८ मे

प्रिय आत्या,

तुझं शेवटचं पत्र उशीखाली होतं. उत्तर द्यायला इतके दिवस लागले कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. आता सुचतंय.

मागच्या शनिवारी मी चपला घ्यायला गेले होते. दुकानात तो दिसला. सोबत एक बाई, पाय बाकावर टेकवून बूट घालून बघत होत्या. त्याच्यासारखंच कपाळ. मी हसून पुढे गेले. त्याचा चेहरा असा झाला, आत्या, जसा लिफ्टची दोरी तुटल्यावर व्हावा. मग तो म्हणाला, "आई, या आमच्या कामावरच्या ओळखीच्या. दातांच्या लॅबमध्ये असतात."

'या.' 'असतात.' दोन वर्षांत त्याने मला अहोजाहो कधी केलं नव्हतं.

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार? आणि त्याची आई इतकी गोड निघाली की मला पळताही येईना. दातांची लॅब म्हटल्यावर लगेच माझा हात धरून म्हणाल्या, "अगं बाई, मग ही माझी कवळी बघ ना, खाली डाव्या बाजूला टोचते." दुकानातच तोंड उघडलं. खालच्या कवळीची कड लांब राहिली होती, हिरडी लाल झाली होती. मी सांगितलं, डॉक्टरांकडून कड घासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे, फक्त जाताना कवळी घालून जा, म्हणजे टोचते ती जागा त्यांना नेमकी दिसेल. त्या म्हणाल्या, "किती नीट सांगितलंस ग. आमच्या ह्याला अशी एखादी बघ की. दोन वर्षं झाली, लग्नाचा विषय काढला की म्हणतो कुणी नाही, इतक्यात नको. मुलीचं तर मागच्या वर्षीच उरकलं आम्ही."

आत्या, मागच्या वर्षी. जे लग्न जमतंय म्हणून मी थांबले होते ते कधीच होऊन गेलंय.

तो बुटांच्या खोक्याकडे बघत होता.

संध्याकाळी तो आला. मी ओरडले नाही, तुझा प्रश्न विचारला. "तुझ्या घरच्यांना मी आहे हे माहीत आहे का?" तो म्हणाला, "तसं नाही." मी विचारलं, "मग कसं?" तो खिडकीच्या कडीशी चाळा करू लागला. मग म्हणाला, "घरी सांगितलं की ते पक्कं होतं. मग लगेच तारखा, पाहुणे, सगळं सुरू. मला इथे तुझ्याकडे आलं की बरं वाटतं. इथे कुणी काही मागत नाही." मी विचारलं, कुणा मित्राला? कामावर कुणाला? नाही. त्याच्या फोनमध्ये माझं नाव 'दात लॅब' असं आहे. ते मात्र त्याने स्वतःहून दाखवलं, त्याचा मला अजून आदर वाटतो.

दुसरी कुणी नाही, आत्या. मी विचारलं आणि मला ते खरं वाटतं. त्याला माझी लाजही वाटत नाही. त्याने मला घराबाहेर ठेवलं, कारण त्याने स्वतःच अजून ठरवलं नव्हतं, आणि ठरवावं लागू नये म्हणून दर वेळी एक कारण पुढे करत होता. तो वाईट नाही. पण दोन वर्षं मी एका पक्क्या गोष्टीत होते आणि तो एका सुट्टीत होता.

मग तो घाबरला आणि म्हणाला, "येत्या रविवारीच चल घरी. सगळ्यांना सांगतो." जे ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते ते समोर होतं. आणि माझ्या लक्षात आलं की तो दंड भरायला निघाल्यासारखं बोलतोय. मला त्याचं घर बघायचं नव्हतंच ग. त्याला मला तिथे दाखवावंसं वाटायला हवं होतं. मी नको म्हटलं. तो दाराशी थोडा वेळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं आणि सुटकाही होती, आणि सुटका दिसली तेव्हा मला खरं रडू आलं.

सोमवारी मालकांना हो सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटलं तू नाही म्हणणार." मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं.

मी तुला जे टोचून लिहिलं त्याबद्दल माफी मागत नाही, कारण तू ती घेणार नाहीस. पण तू प्रश्न हातात दिला नसतास तर त्या चपलांच्या दुकानातून मी नवं कारण घेऊन घरी आले असते. स्वतःच तयार केलेलं. तेवढं मला चांगलं जमायला लागलं होतं.

तुझी खारू

*

२२ जून

माझी खारू,

तुझं पत्र मी पोहण्याच्या तलावाच्या बाकावर बसून वाचलं. मास्तरांनी लांबून बघितलं आणि त्या दिवशी मला पाण्यात उतरायला सांगितलं नाही. नुसता टॉवेल आणून दिला.

मी तुला शहाणपण सांगणार नाही. तू जे केलंस ते मी तुझ्या वयात केलं नसतं. नव्या खोलीला खिडकी आहे ना? जेवतेस ना? रडायचं असेल तर रड, पण डबा खाऊन रड. आणि त्या मुलाच्या आईबद्दल मला फार माया वाटली. तिच्या हिरडीचं काय झालं कोण जाणे.

माझ्याकडचं सांगते. मास्तरांनी जूनमध्ये मुलाला पुन्हा विचारलं, जसं म्हणाले होते तसं. तो हो म्हणाला. मी दाराशी पदर तीन-तीनदा सारखा करत होते; इतक्या ऑपरेशनना उभी राहिले, तेव्हा कधी इतकी धास्ती नव्हती. उंच मुलगा आहे, बापासारखाच हळू बोलतो. अर्धं जेवण त्याने मान वर केली नाही. नात तेवढी बडबडत होती. मग त्याने एकदम विचारलं, "तुम्हाला अजून डोकं पाण्याखाली घालायची भीती वाटते का?" मी म्हटलं, वाटते. तर म्हणाला, "आईलाही वाटायची. बाबांनी सांगितलं की तुम्ही दर वेळी नाक धरून मग सोडता." आणि हसला.

तो मला कधी भेटला नव्हता, पण माझं नाक धरणं त्याला माहीत होतं. बापाने दर आठवड्याला फोनवर थोडी थोडी मी त्याच्यापर्यंत पोचवली होती, त्याला झेपेल तेवढी. जाताना तो म्हणाला, "थांबलात त्याबद्दल आभार." मी काय थांबले? मला थांबल्यासारखं वाटलंच नाही.

आम्ही लग्नबिग्न ठरवलेलं नाही. मास्तरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, आधी मला खोल पाण्यात पोहता येऊ दे. ते बरं म्हणाले. मी त्यांची ऋणी आहे, आणि तुझीही. तू मला सावध केलं नसतंस तर मी त्या उशीलाच मागणी समजून बसले असते.

नव्या कामात रुळलीस की सुट्टी काढून ये. मास्तरांच्या घरी जाऊ. घाबरू नकोस, मांजर आता बरं आहे.

आत्या

*

३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

काल रात्री नीट पोचले. तू बांधून दिलेलं सगळं गाडीतच संपवलं, शेजारच्या बाईलाही दिलं. मास्तरांच्या घराची हवा लागली म्हण.

समोर असताना हे बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

त्यांच्या जिन्यावर चढताना मी मागे राहिले होते, आठवतं? तुला वाटलं मी चपलेचा पट्टा नीट करतेय. पट्ट्याला काही झालं नव्हतं. मला त्या दुकानाची आठवण आली. दार उघडेल आणि तू म्हणशील, ही माझी भाची, आणि मग मला स्वतःला पहिल्यापासून सांगत बसावं लागेल, कोण, कुठली, काय करते.

आणि तू घंटा वाजवायच्या आधीच दार उघडलं. नात समोर उभी. तिने तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "तू खारू ना? दातांची? किती उशीर केलास." आणि तोंड उघडून एक हलणारा दात मला दाखवला. "पोहणाऱ्या आजीने सांगितलं तू येणारेस, म्हणून मी कुणाला काढू दिला नाही. आईला पण नाही. दोन आठवडे मी फक्त उजव्या बाजूने जेवतेय."

मागून तिची आई हात पुसत आली आणि मला म्हणाली, "नवीन लॅबमध्ये उजेड बरा आहे का? आत्या म्हणत होत्या, छटा जुळवायला उत्तरेची खिडकी लागते तुला." मास्तरांनी माझी पिशवी घेतली. मी त्यांपैकी एकालाही आधी भेटले नव्हते.

तू त्यांना माझ्याबद्दल कधीपासून सांगत होतीस? नंतर उतरताना मी जिन्यात विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "पहिल्या रविवारपासून. मग काय सांगणार, मांजराबद्दल?"

त्याआधी, दार उघडलं तेव्हा, मी तिथेच उंबऱ्यात गुडघ्यांवर बसले, बाहेरची चप्पल पायातच होती, आणि त्या पोरीचा दात दोन बोटांत धरला. तिने डोळे मिटले. इतका सैल झाला होता की ओढावाही लागला नाही.

तुझी खारू